वाळपईच्या आत्याचा लॅपटॉप लांबून बघायचाय, सुरक्षित कसं करायचं आणि बंद कधी करायचं?

वास्को_सडा :
मी वास्कोला राहतो, आत्या वाळपईला. रिटायर्ड शिक्षिका, एकटीच असते, लॅपटॉपवर पेपर वाचते आणि बँकेचं कामही त्याच्यावरच करते. हल्ली स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखे डबे वर येतात, व्हायरस सापडला, लगेच ह्या नंबरवर फोन करा असं काहीतरी. ती घाबरलीय, पण नंबरवर फोन केला नाही तेवढं बरं. पावसात प्रत्येक वेळी वाळपई गाठणं मला जमत नाही, म्हणून घरून बघायचंय. विंडोज ११ आहे. कुठलं सॉफ्टवेअर वापरू, आणि काम झाल्यावर माझा शिरकाव पूर्ण बंद झालाय ह्याची खात्री कशी करायची? ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त हवंय.

पेडणेकर :
एनीडेस्क टाका आणि त्यात कायमचा पासवर्ड लावून ठेवा, विषय संपला. मी मामाच्या पीसीवर तेच केलंय, मामा झोपलेला असला तरी मी आत जाऊन काम करतो, त्याला काही दाबायला लागत नाही. आणि मधेच परवानगी मागणारा काळा स्क्रीन येतो ना, तो नको असेल तर युजर अकाउंट कंट्रोलचा स्लायडर खाली ओढा, मग सगळं इकडूनच क्लिक करता येतं.

कुशावती_काठ :
@पेडणेकर तुमचं चालतं हे खरं, पण आत्यांसाठी हे दोन्ही सल्ले मी देणार नाही, कारण सांगतो. मी ऑफिसात हेच काम करतो.

@वास्को_सडा विंडोजमध्येच क्विक असिस्ट आहे, वेगळं काही टाकायला नको. आत्यांना सांगा Ctrl, Windows आणि Q एकदम दाबा. तुम्ही तुमच्याकडे उघडून Help someone दाबायचं, तिथे तुम्हाला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करावं लागतं, आत्यांना नाही. तुम्हाला सहा अक्षरांचा कोड मिळतो, तो फोनवर त्यांना वाचून दाखवायचा, त्या तो टाईप करतात. कोड दहा मिनिटंच चालतो, तेव्हा त्या चष्मा शोधून खुर्चीवर बसल्यावरच काढा. मग त्यांच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी येते, तिथे चौकटीत टिक करून Allow. इथपर्यंत तुम्हाला फक्त दिसतं, माऊस तुमच्या हातात येत नाही. माझा आग्रह असा की पहिली पाच-दहा मिनिटं असंच ठेवा. त्यांनाच म्हणा, आत्या तो डबा आला की थांब, मला वाचू दे. निम्मी कामं बघूनच कळतात आणि हात त्यांचाच राहतो. नंतर गरज पडली तर Request control मागा, ते त्यांनी परत वेगळं मान्य करायचं असतं.

आता काळ्या स्क्रीनचं. काहीतरी टाकायचं किंवा काढायचं असेल तेव्हा विंडोज विचारतं, ह्या प्रोग्रामला बदल करू देऊ का, आणि तो प्रश्न मुद्दाम वेगळ्या पडद्यावर येतो जो लांबच्या माणसाला दिसत नाही. तुम्हाला काळं दिसेल, घाबरू नका, सेशन तुटलेलं नाही. आत्यांना विचारा समोर काय लिहिलंय, कुठल्या प्रोग्रामचं नाव आहे, त्यांनी ते वाचायचं आणि Yes दाबायचं. स्लायडर खाली ओढला की तो प्रश्न साध्या स्क्रीनवर येतो किंवा येतच नाही, मग Yes कोणीही लांबून दाबू शकतं, आज तुम्ही आणि उद्या दुसरा कोणी. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातातली ही महत्त्वाची गोष्ट आहे, ती काढून घेऊ नका.

केपेची_सुलू :
मी आईबाबांना एकच नियम शिकवलाय, स्क्रीनवरचा कोड किंवा नंबर कोणाला सांगायचा नाही. एवढं पाळलं की झालं ना?

कुशावती_काठ :
@केपेची_सुलू नियम बरोबर आहे पण इथे अर्धाच लागू पडतो, आणि ह्याच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. एनीडेस्कमध्ये समोरचा तुम्हाला म्हणतो तुमचा नंबर सांगा, तिथे तुमचा नियम उपयोगी पडतो. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं ते ह्याच प्रकाराबद्दल. पण क्विक असिस्टमध्ये उलटं आहे, कोड मदत करणाऱ्याकडे तयार होतो आणि तो आपल्याला सांगतो. म्हणजे ठग म्हणेल हा कोड टाका, आणि बाबांना वाटेल मी तर कोणाला काहीच सांगितलं नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं होतं की एक टोळी आयटी हेल्पडेस्कवाले असल्याचं सांगून क्विक असिस्टनेच लोकांच्या मशीनमध्ये शिरत होती. म्हणून नियम कोडचा नको, फोनचा ठेवा. कोणी आपल्याला फोन करून कॉम्प्युटर बघतो म्हणाला तर ठेवून द्यायचा आणि आपल्या फोनमध्ये सेव्ह असलेल्या नंबरवर आपण भाच्याला किंवा मुलीला लावायचा. त्यांनी उचलला तरच Ctrl, Windows, Q.

सांगेकर_दत्ता :
मी पण ह्याच अडचणीत आहे. घरच्या पीसीवर कारखान्यातून लॉगिन करायचंय, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडला तरी रिमोट डेस्कटॉप लागतच नाही. कोणी सेटिंग सांगेल का? विंडोज होम आहे.

कुशावती_काठ :
@सांगेकर_दत्ता तुमचा प्रश्न वेगळाय, पण होम आवृत्तीवर बाहेरून आत येणारं रिमोट डेस्कटॉप नसतंच, त्याला प्रो लागतं. आणि तो पोर्ट आत्ताच बंद करा, इंटरनेटवर उघडा ३३८९ शोधत मशीनं चोवीस तास फिरत असतात. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

वास्को_सडा :
मोठे आभार. आणि बंद कधी करायचं ते राहिलं.

कुशावती_काठ :
सुरू करायच्या आधीच फोनवर एक वाक्य ठरवा, आज आपण फक्त ते डबे बंद करणार. ते झालं की बंद. मधे आठवलं म्हणून प्रिंटर, मग फोटो, असं लांबवलं की आत्या कंटाळून आत चहाला जातात, आणि मग कोणी बघत नसताना तुम्ही त्यांच्या मशीनवर बसलेले असता. त्या उठल्या की मी बंद करतो, माझ्या आईच्या बाबतीतही. दुसरं, बँकेचं पान किंवा ओटीपी समोर येणार असं दिसलं की त्याच्या आधीच बंद, तुम्ही भाचे असलात तरी. तिसरं, रीस्टार्ट झालं किंवा लाईट जाऊन नेट तुटलं की सेशन गेलं, परत नवा कोड लागतो. ही अडचण वाटते पण मला चांगलीच वाटते, कारण क्विक असिस्ट मागे काही दार ठेवत नाही, खिडकी बंद केली की तुम्ही बाहेर. आत्यांना Leave कुठे आहे ते सुरुवातीलाच दाखवा आणि एकदा मुद्दाम दाबायला लावा, म्हणजे त्यांना कळेल की माझ्या हाताने हे तुटतं.

डब्यांचं बहुतेक व्हायरस नसून क्रोमचं नोटिफिकेशन असेल, कुठल्यातरी साईटवर Allow दाबलं गेलेलं. अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/content/notifications
```

परवानगी दिलेल्यांच्या यादीत अनोळखी नावं दिसतील, तीन टिंबं, Remove. ह्याला काळा स्क्रीन येत नाही.

वास्को_सडा :
काल संध्याकाळी केलं. तेच निघालं, यादीत तीन विचित्र नावं होती, आत्याने स्वतःच काढली, मी नुसता बघत होतो. डबे बंद. पण बघताना घड्याळाजवळच्या खुणांमध्ये एनीडेस्क दिसलं! आत्या म्हणते मी टाकलंच नाही. मागे एका दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, त्यांनी नंतर अडलं तर घरबसल्या बघतो असं म्हटलं होतं तिला आठवतं. आता काय करू, सरळ काढून टाकू?

कुशावती_काठ :
काढायच्या आधी एक बघा. फोल्डरच्या अ‍ॅड्रेसमध्ये हे टाका, लपलेला फोल्डर असतो म्हणून असंच उघडावं लागतं:

```
C:\ProgramData\AnyDesk
```

आत connection_trace.txt असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडणी, तारीख, वेळ आणि समोरचा नंबर. User लिहिलेलं असेल तर समोर बसलेल्याने मान्य केलं होतं, Passwd असेल तर पासवर्ड टाकून कोणी न विचारता आत आलं. त्या तारखा आत्यांबरोबर बसून जुळवा, एक फोटो काढून ठेवा, मग अनइन्स्टॉल करा. तिथे काळा स्क्रीन येईल, Yes आत्यांनी दाबायचं. मग services.msc उघडून एनीडेस्क नावाची सर्व्हिस उरली नाही ना बघा. ती सर्व्हिस असली की लॅपटॉप चालू होताच तेही जागं होतं, म्हणूनच नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

पेडणेकर :
मामाच्या पीसीवर मी आत्ता ती फाईल बघतो. पण माझी आजी डिचोलीला, तिला अक्षरंच दिसत नाहीत नीट, तिला कोड टाईप करायला कसं सांगणार? तिथे पासवर्ड ठेवल्याशिवाय इलाज नाही.

केपेची_सुलू :
शेजारचं कोणी नाही का, पाच मिनिटं येऊन बसणारं? आमच्याकडे काकी येतात.

कुशावती_काठ :
@पेडणेकर तुमच्या आजीचं मला पटतं, तिथे सरसकट नियम नाही. ठेवायचंच असेल तर लांब पासवर्ड, टू-फॅक्टर चालू, आणि एनीडेस्कच्या परवानगी यादीत फक्त तुमचा एक नंबर. आणि त्या मशीनवर बँकेचं काही नको. मी स्वतः तरीही ठेवणार नाही, तुम्ही ठेवलंत तर मला ते चुकीचं वाटेल असंही नाही.

पेडणेकर :
बँक नाहीये तिच्या पीसीवर, फक्त व्हिडिओ कॉल. यादीचं माहीत नव्हतं, ते लावतो. मामाचा स्लायडर पण वर नेतो.

वास्को_सडा :
फाईल मिळाली. Passwd च्या ओळी आहेत, पण सगळ्या लॅपटॉप दुकानात होता त्याच दिवसाच्या, नंतरचं काही नाही. फोटो काढला, अनइन्स्टॉल केलं, काळा स्क्रीन आला तेव्हा आत्याने नाव मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग Yes दाबलं. सर्व्हिसही गेलीय. बँकेचा पासवर्ड बदलावा का?

कुशावती_काठ :
हो, बदला, पण तुम्ही बघत असताना नको. सेशन बंद करा, आत्यांना आज रात्री स्वतः बदलू दे. स्टेटमेंटमध्ये अनोळखी व्यवहार दिसला तर आधी नेट काढा, मग बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, त्या फोनला उशीर नको.

वास्को_सडा :
Leave आत्यानेच दाबलं. पासवर्ड ती जेवणानंतर बदलते म्हणाली.