मदत हवी आहे: क्रिएटिनने वाढलेलं वजन म्हणजे नक्की कुठलं पाणी?

क्रिएटिनचं लोडिंग चालू आहे, दिवसाला 20 ग्रॅम, 5-5 ग्रॅम चार वेळा, आणि आठवडा संपायच्या आत काटा दीड किलोने वर गेलाय. कंबरेचं माप मात्र जिथल्या तिथे, नडगीवर बोट दाबलं तर खड्डाही पडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे क्रिएटिन स्नायूंच्या पेशीत शिरताना सोबत पाणी ओढतं, म्हणजे हे पाणी कातडीखाली नाही तर बहुतेक स्नायूतच साठतं, बरोबर ना? चरबी तर नसणारच, दीड किलो चरबीला दहा हजारांवर जादा कॅलरी लागतात, एवढं कोण खातं! आता रोज 3-5 ग्रॅमवर आलो तर काटा उतरेल की स्नायू भरलेले आहेत तोवर तसाच राहील? कट चालू आहे, चरबी उतरतेय हे ओळखायचं कसं, नुसत्या टेपवर भरवसा ठेवू का?