मदत हवी आहे: साइटचे मालक वारले, डोमेनची मुदत संपली, लॉगिन कुणाकडेच नाही

चित्रलिपी
आमच्या गटातले एक ज्येष्ठ स्नेही जानेवारीत वारले. पक्ष्यांच्या नोंदींची साइट तेच चालवायचे. डोमेन डॉट कॉम आहे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे, त्याचे पैसे वर्षअखेरपर्यंत भरलेले आहेत. डोमेनचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जायचे, ते कार्ड बँकेने बंद केले. 2 मार्चला मुदत संपली. आज 20 मार्च, साइटच्या जागी जाहिरातींचे पान दिसते. डोमेन ज्या कंपनीकडून घेतले त्या रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा, त्यामुळे पासवर्ड बदलण्याचा मेल पोचतच नाही. वहिनी वारस आहेत, लागतील ती कागदपत्रे देतील. आधी काय करावे?

कोरा_कागद
lookup.icann.org वर डोमेन टाकून बघा. पुढच्या वर्षीची तारीख दिसली तर नूतनीकरण झालेले आहे. नसेल तर 75-80 दिवसांनी डोमेन मोकळे होते, तेव्हा सरळ आपल्या नावावर घ्या. कागदपत्रांची कटकटच नाही.

चित्रलिपी
खरंच पुढच्या वर्षीचा 2 मार्च दिसतोय! मग जाहिराती कशा?

उंबरठा
त्या तारखेवर जाऊ नका. डॉट कॉममध्ये मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ यादी सांभाळणारी संस्था, आपणहून ती एक वर्ष पुढे ढकलते. रजिस्ट्रारला पैसे मिळाले नाहीत तर तो 45 दिवसांच्या आत डोमेन काढून टाकतो आणि ते वर्ष रद्द होते. त्याच पानावर स्टेटस वाचा, तिथे autoRenewPeriod असेल.

तुमच्या तारखा मांडतो. 45 दिवस 16 एप्रिलला संपतात. तेव्हा डोमेन काढले तर redemptionPeriod 30 दिवस, म्हणजे 16 मेपर्यंत. त्यात परत मिळते, पण नूतनीकरणाच्या कितीतरी पट शुल्क पडते. पुढचे 5 दिवस pendingDelete, त्यात कुणालाच काही करता येत नाही. 21 मेच्या सुमारास डोमेन सर्वांना खुले. पण ही कमाल मर्यादा समजा. बरेच रजिस्ट्रार 45 दिवस थांबत नाहीत, त्याआधीच डोमेन लिलावात काढतात. मोकळे होईपर्यंत थांबण्याचा सल्ला म्हणूनच धोक्याचा. जुन्या डोमेनवर टपून बसलेले प्रोग्राम काही सेकंदांत ते उचलतात, आणि नव्या मालकाला तुमच्या स्नेह्यांच्या पत्त्यावर येणारे मेलही मिळू शकतात. दुसऱ्या सेवांचे पासवर्ड बदलण्याचे मेल त्यातच आले.

तर आजच पैसे भरा. काही रजिस्ट्रार लॉगिनशिवाय, कुणाच्याही कार्डावर नूतनीकरण घेतात. ग्राहक सेवेला तसे विचारा. मालकी बदलत नाही, पण वर्ष हाती येते. डोमेन कुठल्या होस्टिंगकडे न्यायचे ते सांगणारे नेमसर्व्हर पूर्वीचे झाले की साइट आणि मेल बहुधा एक-दोन दिवसांत परत येतात.

मग वहिनींनी मृत्यूचा दाखला, वारसा दाखवणारा कागद आणि स्वतःचे ओळखपत्र देऊन नाव बदलून मागावे. मेल सुरू झाल्यावर मेलबॉक्समधून पासवर्ड बदलायचा मोह होईल. तो टाळा. खाते मृत व्यक्तीच्याच नावावर राहते आणि उद्या दुसरा वारस पुढे आला तर तुमची बाजू लंगडी पडते.

कोरा_कागद
तारखेचं माहीत नव्हतं. पण एवढ्या भानगडीपेक्षा डोमेन लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलेलं बरं ना?

उंबरठा
आत्ता नको. त्याला लागणारा कोड खात्यातूनच मिळतो. शिवाय मालकाचे नाव बदलले की बहुतेक ठिकाणी 60 दिवस डोमेन हलवता येत नाही. नाव बदलू द्या, मग बघा.

पायवाट
आमच्याकडे मालक हयात आहेत, पण आजारानंतर त्यांना काही आठवत नाही. आम्हीही दाखला द्यायचा का?

उंबरठा
मृत्यूचा दाखला कसा देणार? तुमच्याकडे त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा कागद लागेल. आधी मुखत्यारपत्र केले असले तरी मालकाची समज गेल्यावर भारतात ते चालत नाही. अशा वेळी न्यायालयाने नेमलेला पालक लागतो, आणि रजिस्ट्रार कुठला कागद मान्य करील ते तोच सांगेल. तोवर रजिस्ट्रार घेत असेल तर कुणीही पैसे भरू शकतो. डॉट कॉम एकदम 10 वर्षांपर्यंत वाढवता येते, तेवढे करून ठेवा.

चित्रलिपी
पैसे भरले, लॉगिन लागले नाही. साइट दिसू लागली. पण रजिस्ट्रार म्हणतो, खात्याला फोनवरचा कोडही लावलेला आहे, आणि त्यांचे सिम मागच्याच आठवड्यात बंद केले.

उंबरठा
सिम सगळ्यात शेवटी बंद करायचे असते. असो, कागदपत्रांच्या मार्गात तो कोड रजिस्ट्रारच काढून देऊ शकतो, अर्जात तसे स्पष्ट लिहा. डोमेनवर खासगीपणाची सेवा असेल तर नोंदीत त्यांचे नाव दिसणार नाही. मग जुन्या पावत्या जोडा.

चित्रलिपी
पावत्या त्याच मेलबॉक्समध्ये आहेत...

उंबरठा
मग कार्डाच्या जुन्या विवरणात रजिस्ट्रारचे नाव आणि कापलेली रक्कम शोधा. चालेलच असे नाही, पण तेवढ्यावर विचारून बघा.