मदत हवी आहे: पहिलीच्या मुलांना बाटली, चमचा, रुमाल वेगळा ठेवायला कसं शिकवावं?

मी पहिलीला शिकवते. वर्गात सर्दी एकाकडून दुसऱ्याकडे फिरतेच आहे. खेळाच्या तासानंतर ज्याची बाटली रिकामी असते, तो शेजारच्याची तोंडाला लावतो. डब्याच्या वेळी चमचे बदलतात, आणि रुमाल तर ज्याच्या हाताला लागेल त्याचा!

आधी मी सांगितलं, "सर्दी झालेल्याची बाटली घेऊ नका." ते चुकलंच. नाक वाहायला लागण्याच्या एखाद दिवस आधीपासूनच सर्दी पसरू शकते, त्यामुळे हा नियम उशिरा लागू होतो. मग एका बाटलीच्या तोंडाला रंगीत खडूची पूड लावली आणि ती तिघांच्या बोटांवर, तिथून नाकावर कशी गेली ते दाखवलं. मुलांना ते पटकन कळलं, पण दुसऱ्याच दिवशी नाक वाहणाऱ्या एका मुलीशेजारी कुणी बसेना. ती रडली. मलाही फार वाईट वाटलं.

आता नियम सगळ्यांना, रोजचा केला आहे: पाणी द्यायचं ते मित्राच्या पेल्यात ओतून. विसरणाऱ्यांसाठी वर्गात धुतलेले जादा पेले ठेवलेत. बाटलीचा प्रश्न बराच सुटला. रुमालाचा मात्र नाही. वापरलेला रुमाल बाकावर पडतो, दुसरा उचलतो. कागदी रुमाल आणि झाकणाचा डबा ठेवावा, की खिशाला रुमाल पिनने लावावा? आणि "वाटून घ्या" असं आपणच शिकवतो, मग सहा वर्षांच्या मुलाला हा फरक कोणत्या शब्दांत सांगता? कृपया अनुभव सांगा.