शब्दचर्चा : समान, न्याय्य की समन्यायी? आणि 'तात्पुरता करार' म्हणावं का?

लेखणी
दोन प्रदेशांनी एका नदीचं पाणी कसं वाटून घ्यावं यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी मी तपासते आहे. 'इक्विटेबल युटिलायझेशन'साठी भाषांतरकाराने एका पानावर 'समान वापर' लिहिलंय, पुढे 'न्याय्य वापर' आणि शेवटच्या प्रकरणात 'समन्यायी वापर'. कुठला तरी एकच ठेवायचा आहे. 'समन्यायी' मला जड वाटतो, 'समान' कुणालाही कळतो. मग 'समान' का नको?
दुसरी अडचण अशी की आधी छोटा करार, मग मोठा, असे जे 'स्टेज्ड' करार असतात त्यांना सरसकट 'तात्पुरते करार' म्हटलंय. हे मला खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाहीये.

अनुस्वार
'समान' म्हणजे निम्मं-निम्मं. 'समन्यायी' म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला जास्त. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यापासून 'समन्यायी वाटप' हा शब्द बातम्यांतही रुळला आहे, त्यामुळे तो जड वाटायचं कारण नाही. मात्र उदाहरण पाहून शब्द निवडा. भारत-बांगलादेशाच्या १९९६ च्या गंगा करारात ५०-५० टक्के वाटणी आहे. तिथे 'समान'च बरोबर, 'समन्यायी' लावलंत तर चूक होईल.

प्रवाहमापक
अनुस्वार, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण 'गरज' हा एकच निकष धरलात तर 'समन्यायी' अर्धाच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाहविषयक करारात समन्यायी आणि वाजवी वापराचं तत्त्व ५ व्या कलमात आहे आणि ६ व्या कलमात ते ठरवताना काय काय पाहायचं ते दिलंय: भूगोल आणि हवामान, नदीवर अवलंबून असलेली लोकसंख्या, आज चालू असलेला वापर आणि पुढे होऊ शकणारा, पाण्याची काटकसर, दुसरा पर्याय आहे का. यातल्या कुठल्याही एका गोष्टीला आपोआप अग्रमान नाही, सगळं एकत्र तोलायचं. नुसती गरज म्हटलं की जो जास्त मागेल त्याची गरज जास्त ठरते, आणि वरच्याने आधीच धरण बांधलं असेल तर त्याची 'गरज' तयारच असते.

गंगा कराराबद्दल. गंगेवर भारतात असलेल्या फरक्का बॅरेजला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आलं तर निम्मं-निम्मं, हे खरं. पण तो सूत्राचा एक तुकडा झाला. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेलं भारताला. ७५ हजार किंवा त्याहून जास्त आलं की भारताला ४० हजार आणि उरलेलं सगळं बांगलादेशाला. म्हणजे ७२ हजार आलं तर भारताला ३७, ९० हजार आलं तर बांगलादेशाला ५०. हे सूत्र १ जानेवारी ते ३१ मे एवढ्यापुरतंच चालतं, पावसाळ्यात वाटायचा प्रश्नच नसतो. याला 'समान' कसं म्हणायचं?

लेखणीताई, म्हणून मी 'समन्यायी'ला मत देतो. पाणी भरपूर असताना तिन्ही शब्द चालून जातात. तूट आली की ती कुणी किती सोसायची, इथे शब्दाचा कस लागतो.

कोरडवाहू
आमची जमीन चारीच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. वरचे पाळी संपली तरी दारं बंद करत नाहीत, आमच्यापर्यंत येतं ते निम्म्या धारेने. मला एवढंच सांगा, एकरी किती तास पाणी मिळालं म्हणजे ते समन्यायी? कालव्यावर आमच्यात हा शब्द कुणी काढत नाही, आम्ही 'शेजपाळी नीट चालवा', म्हणजे ज्याला त्याला क्रमाने पाळी द्या, एवढंच म्हणतो.

लेखणी
दादा, इथे प्रश्न दोन प्रदेशांमधल्या कराराचा आहे, चारीवरच्या तासांचा नाही. पण 'पाळी' हा शब्द मला हवाच होता, माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

प्रवाहमापक
कोरडवाहू, तासांचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या पाणीवापर संस्थेच्या पाळीपत्रकावर ठरतं. पण तुम्ही बोट ठेवलंय ते अगदी योग्य जागी. गंगा करारातही पाळी आहे आणि ती ऐन तुटीसाठीच आहे.

११ मार्च ते १० मे हा सगळ्यात कोरडा काळ. करारात हंगामाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडलेत, आणि या दोन महिन्यांत येणाऱ्या सहा तुकड्यांत आळीपाळीने एकेका देशाला ३५ हजार क्युसेकची हमी दिली आहे. कराराला जोडलेलं वेळापत्रक १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलंय. त्यातले लागोपाठचे दोन तुकडे बघा. ११ ते २० एप्रिलला सरासरी ६२,६३३ क्युसेक. पाळी भारताची, म्हणून भारताला ३५,००० आणि बांगलादेशाला २७,६३३. पुढच्या २१ ते ३० एप्रिलला ६०,९९२. आता पाळी फिरली: बांगलादेशाला ३५,०००, भारताला २५,९९२. दोन्ही वेळा सरळ निम्मं केलं असतं तर कुणालाच ३५ हजार मिळाले नसते. त्याऐवजी दोघांनाही एक दहा दिवस भरवशाचे मिळतात आणि दुसरे दहा दिवस ओढाताणीचे. तूट दोघांच्या वाट्याला येते, फक्त एकाच वेळी येत नाही. कुठल्या दहा दिवसांत हमी नाही ते आधीच कळतं, त्यामुळे खालच्याला आपलं नियोजन त्याभोवती बसवता येतं.

आणि तुमचं दार बंद न होण्याचं दुखणं? त्यासाठी दोन्ही देशांची संयुक्त पथकं फरक्क्याला आणि खाली बांगलादेशात हार्डिंज पुलापाशी रोज प्रवाह मोजतात. फरक्क्याखाली, दोन्ही काठ बांगलादेशात जातात त्या जागेपर्यंत, भारताने २०० क्युसेकपेक्षा जास्त वापरायचं नाही, हेही लिहिलेलं आहे. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत की मधे काय झालं हे लगेच विचारता येतं. चारीवर वरच्याने किती घेतलं ते मोजणारं कुणी नसेल, तर शेजपाळी कागदावर कितीही नीट असो, टेलला काही कळणार नाही.

अनुस्वार
पाळीचा मुद्दा मान्य, मी फक्त सूत्राची पहिली ओळ धरून बोललो. पण मग ५० हजारांच्याही खाली गेलं तर? ३५ हजारांची हमी पाळली तर दुसऱ्याला १५ हजारही उरत नाहीत. याला समन्यायी म्हणायचं?

प्रवाहमापक
त्या पातळीखाली करारात सूत्रच नाही. दोन्ही सरकारांनी तातडीने बोलून समन्याय, रास्त वागणूक आणि कुणाचंही नुकसान न होणं या तत्त्वांवर वाटणी ठरवायची, एवढंच आहे. ही कराराची कमजोर बाजू आहे असं माझं मत. नदी सगळ्यात आटलेली असते तेव्हाच वाटाघाटी करायला बसायचं म्हणजे फार उशीर.

आता 'तात्पुरता'कडे येतो, कारण गंगेचीच गोष्ट त्याचं उत्तर देते. १९७५ मध्ये फरक्का बॅरेज सुरू करताना २१ एप्रिल ते ३१ मे एवढ्यापुरता चाचणीचा समझोता झाला: कालव्यात ११ ते १६ हजार क्युसेक वळवून बघायचं. मुदत संपल्यावर पुढे काय, हे ठरलेलं नव्हतं. पाणी वळवणं मात्र चालू राहिलं आणि बांगलादेशाने १९७६ मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तो समझोता 'तात्पुरता'च होता, आणि त्याने विश्वास वाढण्याऐवजी उडाला.

मग १९७७ चा पाच वर्षांचा करार. त्यात हमीचं कलम होतं: प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या ८० टक्के मिळणारच. १९८२ च्या समझोत्यात ते कलम गेलं. १९८५ चा समझोता तीन हंगामांचा, तो १९८८ ला संपला. त्यानंतर १९९६ पर्यंत काहीच नाही, आणि १९९३ च्या मार्चमध्ये हार्डिंज पुलापाशी प्रवाह १० हजार क्युसेकच्या खाली गेला. १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सही केली तो करार ३० वर्षांचा.

म्हणून मी 'तात्पुरता' आणि 'टप्प्याचा' यांत फरक करतो. तात्पुरता संपतो. टप्प्याचा करार पुढच्या टप्प्याचा दरवाजा स्वतःच उघडा ठेवतो: आढावा कधी, कुणी मोजलेले आकडे धरून, आणि एकमत होईपर्यंत काय चालू ठेवायचं. १९९६ च्या करारात दर पाच वर्षांनी आढावा आहे, कुणा एकाला हवा असेल तर पहिला आढावा दोन वर्षांनीही. आणि आढाव्यात वाटणीच्या फेरबदलांवर एकमत झालं नाही, तर ते होईपर्यंत बांगलादेशाला सूत्राप्रमाणे येणाऱ्या वाट्याच्या किमान ९० टक्के पाणी भारताने सोडायचंच. हे 'तोवर काय'चं कलम १९७५ च्या समझोत्यात असतं तर १९७६ कदाचित टळलं असतं.

लेखणी
आता कळलं मला काय खटकत होतं. पुस्तिकेत पहिल्या टप्प्यात नुसती संयुक्त मोजणी, दुसऱ्यात एका हंगामाची वाटणी, तिसऱ्यात दीर्घ मुदतीचा करार असं सुचवलंय. तिथे 'तात्पुरते' अगदीच उलट अर्थ देतो. 'टप्प्याटप्प्याचे करार' करते.

अनुस्वार
मी 'अंतरिम' सुचवेन. कायद्यात तोच रूढ आहे आणि पुढे अंतिम येणार हे त्यातच आलं.

प्रवाहमापक
लवादाचा अंतरिम आदेश असतो, तो वरून येतो. इथे दोघांनी स्वतः टप्पे आखलेले असतात. पण मी हट्ट धरत नाही.

मैना
उशिरा आले. पुस्तिकेत गंगा कराराचं उदाहरण येणार असेल तर एक जागा नीट तपासा. फरक्क्याला येणारं पाणी सरासरीएवढं टिकवायला वरच्या देशाने 'एव्हरी एफर्ट' करायचा असं दुसऱ्या कलमात आहे. मी एका मराठी लेखात त्याचं 'हमी दिली' असं रूपांतर पाहिलंय. हमी नाही ती. फरक्क्याच्या वर उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये किती उपसा होतो त्यावर या करारात बंधन नाही, म्हणजे वाटायचं आकडेमोडीचं पाणीच कमी होत जाऊ शकतं. 'कसोशीने प्रयत्न करणे' म्हणा.

लेखणी
मसुद्यात 'हमी'च आहे, आत्ताच पाहिलं. बदलते. पण ३५ हजारांच्या पाळीसाठी 'हमी' चालेल ना?

मैना
तिथे चालेल, तिथे आकडा आहे. पण ५० हजारांखाली तीच हमी राहते की नाही, यावर दोन वाचनं मी ऐकली आहेत. तळटीप द्यावी लागेल.

प्रवाहमापक
सहमत. मी ती राहत नाही असं वाचतो, पण पाठ खुलासेवार नाही. आणि डिसेंबर २०२६ ला तीस वर्षं पूर्ण होतात, तेव्हा तळटीपेत मुदतही घाला.

कोरडवाहू
मोजणीचं बोललात ते आमच्या सोसायटीच्या बैठकीत मांडतो. चारीवर मोजपट्टी लावायची तर ती प्रत्येक दारापाशी लागते की वरच्या फाट्यावर एकच पुरते?