शब्दचर्चा: 'स्लॉट', 'अपेक्षित वेळ' आणि 'दाराशी ठेवा' यांचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

रानपाखरू: ऑर्डर देताना 10 ते 1 चा 'स्लॉट' निवडला, सूचनेत 'दाराशी ठेवा' लिहिलं. सकाळी मेसेज आला त्यात मात्र 'अपेक्षित वेळ 1 पर्यंत'. हे दोन्ही एकच का? आणि दाराशी ठेवा हा हुकूम धरायचा की विनंती? कारण साडेबाराला फोन आला, मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही, तर पार्सल दाराशी न ठेवता परत आणि वर 'प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही'. अहो उपलब्ध नाही म्हणूनच तर लिहिलेलं ना!

खडूफळा: स्लॉट म्हणजे बुकिंग. रेल्वेचं रिझर्व्हेशन जसं, तुमची जागा पक्की. त्या वेळेत आलं नाही तर त्यांची चूक, सरळ तक्रार करा.

गाडीवाट: अर्धं बरोबर. मी हबमध्ये रूट लावायचं काम केलंय, म्हणून सांगतो. किराण्याचा स्लॉट बुकिंगच्या जवळ जातो, तिथे एका स्लॉटमध्ये किती ऑर्डरी घ्यायच्या ते आधीच ठरलेलं असतं, भरला की तुम्हाला तो दिसतच नाही, आणि गाडी त्या वेळेसाठीच निघते. कुरियरच्या पार्सलचं तसं नाही. गाडी सकाळी एकदा भरते आणि सगळे स्टॉप करूनच परत येते, तुमचा 10 ते 1 फक्त स्टॉपचा क्रम लावताना धरतात. भरायलाच उशीर झाला की मागचे सगळे सरकतात. म्हणून तिथे 'अपेक्षित' हाच खरा शब्द, स्लॉट हे आपलं वर लावलेलं लेबल. 'आउट फॉर डिलिव्हरी' पण तसंच, गाडीत टाकताना स्कॅन झालं एवढाच अर्थ, गल्लीत आलाय असं नाही.

निवांत: आमच्याकडे उलटं आहे. दाराशी ठेवलं की कुत्रा खोकं फाडतो. 'दाराशी ठेवू नका' लिहिलं तरी ठेवून जातात, वाचतच नाहीत का ही पोरं?

गाडीवाट: निवांत, सूचना त्याला स्टॉप उघडल्यावर दिसते, तेव्हा एका हातात खोकं, दुसऱ्यात फोन. घाईत 'दाराशी ठेव' एवढंच डोक्यात जातं, 'नका' राहतं. 'बेल वाजवून हातात द्या' लिहा, नकार नकोच.

रानपाखरू, तुमच्या पार्सलला ओटीपी होता का? पैसे आधी भरले होते?

रानपाखरू: पैसे भरलेले. ओटीपीचा मेसेज आला होता खरा, पार्सलमध्ये मोबाइल होता ना. पण सूचना लिहिल्यावर तो लागणार नाही असं वाटलं.

गाडीवाट: मग उत्तर तिथेच आहे. ओटीपीवाल्या पार्सलला तो आकडा टाकल्याशिवाय त्याच्या अ‍ॅपमध्ये स्टॉप 'पूर्ण' होत नाही. दाराशी ठेवलं असतं तर ते त्याच्या नावावर बाकी दिसलं असतं, हरवलं तर निस्तरायचं त्यानेच. कॅश ऑन डिलिव्हरीचं तेच, पैसे हातात आल्याशिवाय वस्तू सोडता येत नाही. म्हणजे 'दाराशी ठेवा' ही विनंती, आणि ती चालते फक्त पैसे भरलेल्या, ओटीपी नसलेल्या पार्सलला. शिवाय विक्रेत्याने दुसऱ्या कुरियरला माल दिला तर तुमची सूचना तिथवर पोचेलच असं नाही, तिथे पत्ता जातो. म्हणून लँडमार्क, मजला, बेल कुठली हे मी पत्त्याच्या ओळीतच लिहितो.

टिंबटिंब: पण 'प्रयत्न केला' हे खोटंपण टाकतात हो, घरी बसलेलो असतो आणि मेसेज येतो.

गाडीवाट: टाकतात, नाही म्हणणार नाही. त्या वेळेचा मिस्ड कॉल नाही, बेल नाही, तर लगेच त्याच दिवशी कळवा. यांच्या बाबतीत साडेबाराचा कॉल आहे, म्हणजे बहुतेक माणूस खरंच खाली आला होता. आता दुसरी खेप होईल. तोवर तारीख बदलून घरी असाल तो दिवस निवडा, किंवा घरातल्या कुणाला ओटीपी देऊन ठेवा. आणि पार्सल समोर दिसल्याशिवाय फोनवर ओटीपी सांगू नका, तो सांगणं म्हणजे मिळालं अशी सही.

खडूफळा: बरं, पण साधं पार्सल दाराशी ठेवलं, फोटो काढला आणि नंतर चोरीला गेलं तर? माझ्या मते जबाबदारी त्यांचीच.

गाडीवाट: तुम्ही स्वतः ठेवायला सांगितलं होतं, हे ते पुढे करणार. फोटोत दार तुमचंच आहे का ते आधी बघा, शेजारचं असेल तर बाजू तुमची. तुमचंच असेल तर अटींमध्ये काय लिहिलंय त्यावर, आणि तिथे मी पैज लावणार नाही.

खडूफळा: सूचना दिली म्हणजे जबाबदारी घेतली असं होत नाही, मला हे पटत नाही.

निवांत: 'शेजाऱ्यांकडे द्या' लिहिलं तर? म्हणजे कुत्र्याचाही प्रश्न सुटतो.

गाडीवाट: शेजाऱ्यांचं नाव आणि घर नंबर टाका, नुसतं शेजारी म्हटलं तर तो समोरचं दार वाजवणार का बाजूचं?