शब्दचर्चा: पाथ ट्रेसरमधल्या 'बायस'ला काय म्हणावं?

शब्दवेडा: किरणांचा माग काढत चित्र रंगवणाऱ्या पाथ ट्रेसरवरच्या एका मराठी लेखात 'टप्प्यांची मर्यादा घातली की चित्रात पूर्वग्रह येतो' असं वाक्य आहे. प्रकाशकिरणाला कसला पूर्वग्रह? इथे बायससाठी कोणता शब्द बसेल? आणि बाउन्सला टप्पा म्हणावं की उसळी?

दाणेदार: पक्षपात म्हणा. रशियन रूलेट चालू केलं की चित्र दाणेदार होतं, कारण काही किरण मध्येच मारले जातात. तोच पक्षपात.

किरणमाग: दाणे वाढतात हे खरं, पण दाणे म्हणजे बायस नव्हे. शब्द निवडण्याआधी हे दोन वेगळे करायला हवेत. एक बंद खोली घ्या. तिचा प्रत्येक पृष्ठभाग स्वतः 1 इतका प्रकाश देतो आणि पडलेल्यापैकी 0.8 परत फेकतो. कुठेही पाहिलं तरी उत्तर 1 + 0.8 + 0.64 + … म्हणजे बरोबर 5 यायला हवं. आता 8 टप्प्यांनंतर किरण थांबवा. उरतात 4.33. नमुने शंभर घ्या की दहा लाख, दाणे विरतील, पण आकडा 4.33 वरच स्थिरावेल. सुमारे 13 टक्के उजेड कायमचा गेला. नमुने वाढवूनही न भरणारी ही तूट म्हणजे बायस.

रूलेटमध्ये असं होत नाही. beta हे किरणाचं वजन, q ही तो टिकण्याची शक्यता:

```
beta *= 0.8
q = 0.8
if (rnd() >= q) break
beta /= q
```

पाचातला सरासरी एक किरण दर टप्प्याला मरतो, पण जे चार टिकतात ते मेलेल्याचा वाटा उचलतात. हे काम शेवटच्या ओळीचं. सरासरी 5 च राहते. ती ओळ विसरलात तर दर टप्प्याला 0.8 ऐवजी 0.64 लागू होतो आणि खोली 2.78 वर अडकते. चित्र स्वच्छ दिसतं, फक्त काळवंडलेलं, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही.

शब्दवेडा: म्हणजे मनाचा कल नाही, आकड्याचा कल. संख्याशास्त्रातला 'अभिनती' चालेल? आणि त्याच्या उलट 'अनभिनत'?

किरणमाग: अर्थाने चोख. 'अनभिनत' मात्र उच्चारताना जीभ अडखळते. मी बोलताना 'कल' म्हणेन, लिहिताना 'अभिनती'.

काचघर: माझ्या दृश्यात एकामागे एक ठेवलेले काचेचे पेले आतून काळे दिसतात. मर्यादा 4 आहे. ही अभिनतीच ना? रूलेट लावलं की जाईल?

किरणमाग: अभिनतीच. एका पेल्यातून आरपार जायलाच किरणाला चार पृष्ठभाग ओलांडावे लागतात, मागच्या पेल्याच्या आरपार तो जातच नाही. नुसतं रूलेट लावून काही होणार नाही, कारण मर्यादा तशीच आहे. आधी ती वाढवा. वेळ वाचवायचं काम रूलेटवर सोडा.

दाणेदार: मग q सरळ 0.5 ठेवतो. अभिनती नाहीच म्हणता, आणि किरण लवकर संपतील.

किरणमाग: त्याच खोलीत करून बघा. टिकलेल्या किरणाचं वजन दर टप्प्याला 1.6 पट होतं. वजनाच्या वर्गाची सरासरी 0.64 भागिले 0.5, म्हणजे 1.28 पट. ती वाढतच जाते, म्हणून प्रचरण, म्हणजे नमुन्यांचा विखुरलेपणा, अनंत. अभिनती शून्य, तरी अधूनमधून एखादा पांढरा ठिपका पेटतो आणि सरासरी खिळखिळी करतो. इथे q हा 0.64 च्या वर हवाच. 0.8 ला वजन 1 वरच राहतं, म्हणून तो सोयीचा.

शब्दवेडा: आणि बाउन्स?

दाणेदार: टप्पा. चेंडू टप्पा खातो तसा किरण खातो.

किरणमाग: शब्द छान, पण मोजणी कुठून हे सांगावं लागेल. सायकल्स या रेंडररमध्ये मर्यादा 0 ठेवली तरी दिव्याचा थेट उजेड पृष्ठभागावर दिसतो. मित्सुबा या दुसऱ्या रेंडररमध्ये `max_depth` 1 असेल तर फक्त दिवे स्वतः दिसतात, थेट उजेडासाठी 2 लागतो. तेव्हा 'आठ टप्पे' म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र नव्हे.

काचघर: मर्यादा 64 केली, पेले उजळले. आता अभिनती गेली म्हणायचं?

किरणमाग: 0.8 च्या खोलीत 64 टप्प्यांनंतरची तूट नगण्य. परतावा 0.98 असेल, दाट ढगासारखा, तर 64 टप्प्यांनंतरही एक चतुर्थांशाहून जास्त उजेड बाहेर राहतो. गेली म्हणू नका, तुमच्या पेल्यांपुरती दिसेनाशी झाली म्हणा.

शब्दवेडा: रशियन रूलेटचं काय? 'प्राणजुगार' सुचतोय.

किरणमाग: नको. हे नाव न्यूट्रॉनच्या गणितातून आलं, 1990 साली आर्व्हो आणि कर्क यांनी ते चित्रांत आणलं. ते आता नावच झालंय.

दाणेदार: मला प्राणजुगार आवडला. किरण मरतोच ना!