टीबीच्या गोळ्या चालू, एसजीपीटी 186, सिलिमरिन किती द्यायचं? मदत हवी आहे

धंतोलीकर
कोणीतरी लवकर सांगा. ताईची टीबीची ट्रीटमेंट चालू आहे. आज रिपोर्ट आला, एसजीपीटी 186. मेडिकल स्टोअरवाल्यानं सिलिमरिन 140 ची पत्ती दिली. म्हणाला, लिव्हरवर कवच बसतं, टीबीच्या गोळ्या बिलकुल थांबवू नका. नेटवर एकजण म्हणतो रामबाण, दुसरा म्हणतो काहीच होत नाही. दिवसाला दोन द्यायच्या की तीन? आज शनिवार, टीबी सेंटर आता सोमवारी उघडेल.

सक्करदरा_सुरेश
तीन द्या भाऊ. मला फॅटी लिव्हर निघालं होतं, सहा महिने हीच घेतली, एसजीपीटी नॉर्मल. सोबत सावजी बंद केलं अन् रोज सकाळी फुटाळ्याला चक्कर. वजन पण उतरलं. एक नंबर गोळी आहे.

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
डोसचं नंतर पाहू. आधी हे सांगा: गोळ्या कोणत्या आणि कधीपासून? आधीचा एसजीपीटी किती होता? बिलिरुबिन? उलट्या, मळमळ, पोटात दुखणं, भूक मेलेली, लघवी पिवळीजर्द, यातलं काय काय आहे? आणि रिपोर्टवर त्या लॅबची वरची मर्यादा काय छापली आहे?

धंतोलीकर
सेंटरच्याच गोळ्या, एकीतच चारही औषधं असतात त्या. पाचवा आठवडा. सुरुवातीला 31 होतं. मर्यादा 40 लिहिली आहे. बिलिरुबिन नव्हतं केलं. बाकी काही नाही. पण माझा प्रश्न सिलिमरिनचा आहे, त्यावर बोला ना.

वैद्य_गोकुळपेठ
सिलिमरिन म्हणजे आपला उंटकटाराच. बाजारात चूर्ण मिळतं, तेच द्या. जोडीला कुटकी आणि भुईआवळा. विदेशी अर्काला पैसे कशाला घालता?

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
वैद्यराज, उंटकटारा, म्हणजे ज्याला आपण काटेचेंडूही म्हणतो, ते वेगळं झाड आहे. दोघांना काटे आहेत आणि जांभळट फुलं येतात, त्यामुळे घोळ होतो. सिलिमरिन मिल्क थिसलच्या बियांमधून काढतात. आणि या क्षणी ताईंच्या यकृताला कोणतंही नवीन चूर्ण नको. उद्या आकडा वाढला तर तो कशामुळे वाढला हेच कळणार नाही.

निखिल_ट्रेकर
सिलिमरिनला नावं ठेवणाऱ्यांनी युरोपातल्या विषारी अळंबीच्या केसेस वाचाव्यात. डेथ कॅप खाऊन मरणाच्या दारात गेलेले लोक याच औषधानं वाचवतात. इतकं जबरदस्त विष थांबतं, तर टीबीच्या गोळ्यांचं काय! डोस कमी असतो म्हणून गुण येत नाही, भरपूर द्या.

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
निखिल, अळंबीचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अळंबीचं विष बाहेरून येतं आणि यकृताच्या पेशीत शिरायला एका ठराविक वाहक प्रथिनाचा दरवाजा वापरतं. सिलिमरिनमधला मुख्य घटक सिलिबिनिन तो दरवाजा अडवतो. म्हणून तिथे ते शिरेतून देतात, लवकरात लवकर देतात. तिथेही चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी झालेली नाही, कारण विषबाधेच्या रुग्णाला औषधाविना कोण ठेवणार? जे आहे ते रुग्णांच्या नोंदींवरून.

टीबीच्या गोळीतल्या आयसोनायझिडचं तसं नाही. त्याचं विषारी रूप पेशीच्या आतच तयार होतं. दार अडवून उपयोग नाही, चोर घरातलाच आहे. मग उरतं दुसरं काम: आतली जाळपोळ शमवणं, पेशीतला ग्लुटाथायोनचा साठा टिकवणं. उंदरांमध्ये हे छान दिसतं. माणसात अडचण अशी की तोंडावाटे घेतलेलं सिलिमरिन आतड्यातून थोडंच शोषलं जातं, आणि जे जातं त्याला यकृत झटपट दुसऱ्या रेणूंशी जोडून पित्तातून बाहेर टाकतं.

भरपूर द्या म्हणता, तर तेही करून झालंय. अमेरिकेत हेपटायटिस सी च्या 154 रुग्णांवर चाचणी झाली, 2012 मध्ये छापून आली. एका गटाला 700 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे या पत्तीतल्या पाच गोळ्या एका वेळी, 24 आठवडे. एसजीपीटी डमी गोळीच्या गटापेक्षा जास्त उतरला नाही.

सक्करदरा_सुरेश
मग माझा उतरला तो काय खोटा?

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
खोटा नाही हो. वजन उतरलं की फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी उतरतोच. तुम्ही तिन्ही गोष्टी एकदम केल्या, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते सांगता येत नाही.

अनघा_द
टीबीच्या रुग्णांवर पण अभ्यास झालेत ना? माझ्या दिरांना डॉक्टरांनीच लिहून दिली होती.

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
झालेत. थायलंडमध्ये 55 रुग्णांवर झाला, त्यात फरक मोठा दिसला: डमी गटात 28 पैकी 9 जणांच्या यकृताला त्रास, सिलिमरिन गटात 27 पैकी एकाला. पण इराण आणि कोरियातल्या चाचण्यांमध्ये फरक दिसला नाही. आणि थायलंड-कोरियात गोळी टीबीच्या उपचाराबरोबर आधीच सुरू केलेली होती, त्रास होऊ नये म्हणून. एसजीपीटी चढल्यावर सिलिमरिन देऊन टीबीच्या गोळ्या तशाच रेटायच्या, याला त्यांतून कसलाही आधार मिळत नाही. डॉक्टर लिहून देतात कारण तिचा अपाय कमी आहे. मला स्वतःला ती द्यावीशी वाटत नाही, पण यावर माझेच सहकारी माझ्याशी भांडतात.

धंतोलीकर, पुन्हा विचारते. ताई काल आणि आज नीट जेवल्या का?

धंतोलीकर
जेवण तर चार-पाच दिवसांपासून नाहीच. वरणभातही दोन घास. सकाळी गोळ्या घेतल्या की ओकारी येते, कधी उलटी. पण त्या गोळ्यांनी मळमळतं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून लिहिलं नाही.

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
हेच हवं होतं. मर्यादा 40, म्हणजे तिप्पट 120 आणि पाचपट 200. लक्षणं नसतील तर पाचपटीपर्यंत लक्ष ठेवून गोळ्या चालवता येतात. लक्षणं असतील तर तिप्पट झालं की थांबवायच्या. 186 या दोन्हींच्या मध्ये आहे, म्हणून उलटीवरच निर्णय ठरतो. पहिल्या आठवड्यातली मळमळ वेगळी. पाचव्या आठवड्यात भूक गेली आणि आकडा 31 वरून 186 झाला, तर ती यकृताची समजायची.

सोमवारची वाट पाहू नका. आज रात्रीच मेडिकल कॉलेज किंवा मेयो हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, टीबीचं कार्ड आणि दोन्ही रिपोर्ट सोबत घ्या. तिथले डॉक्टर पाहीपर्यंत पुढचा डोस देऊ नका. आणि घरच्या घरी चारातलं एखादं औषध वगळून बाकीची चालू ठेवू नका, त्यातून जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

निखिल_ट्रेकर
पण टीबीची ट्रीटमेंट मध्येच तोडायची नसते, असं सगळीकडे पोस्टर लावलेत!

अनघा_द
मनानं तोडायची नसते. दिरांची डॉक्टरांनीच थांबवली होती, नंतर एकेक करून परत सुरू केली. पूर्ण बरे झाले.

वैद्य_गोकुळपेठ
उंटकटाऱ्याबद्दल मृणालताई म्हणतात ते मान्य, वेगळी वनस्पती आहे. कुटकीचं मी मागे घेत नाही, तिच्यावर वेगळा धागा काढतो.

धंतोलीकर
रात्री नेलं. डोळ्यात किंचित पिवळेपणा आहे म्हणाले, मला दिसलाच नव्हता. ॲडमिट केलंय. बिलिरुबिन 2.6. टीबीच्या गोळ्या सगळ्या थांबवल्या. एसजीपीटी दुपटीच्या आत आला की आधी रिफॅम्पिसिन, मग काही दिवसांनी आयसोनायझिड, दर टप्प्याला रक्त तपासून. पायराझिनामाइड बहुतेक परत देणारच नाहीत. सिलिमरिनबद्दल एक डॉक्टर म्हणाले राहू द्या, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या बंद करा. आता कोणाचं ऐकू?

मृणाल_फार्मॅकॉलॉजी
मॅडमचं. पण ते दुय्यम आहे. पीटी-आयएनआर पाठवलंय का? यकृताचं काम किती शिल्लक आहे ते त्यावरून कळतं, एसजीपीटीवरून नाही. ताई झोपाळल्यासारखं करू लागल्या किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर लगेच सिस्टरांना बोलवा.

धंतोलीकर
पीटी सकाळच्या रक्तात गेलंय म्हणे, रिपोर्ट यायचाय. आला की टाकतो.